जुनी स्टीलची रिम घेताना: व्यास, रुंदी आणि पीसीडी स्वतः कसं मोजायचं

स्टेपनी चोरीला जाते, खड्ड्यात रिम वाकते, किंवा सेकंड हँड गाडी घेतल्यावर डिकीत स्टेपनीच नाही असं कळतं. नवी रिम शोरूममधून घ्यायचं जिवावर येतं, म्हणून आपण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा आपल्या गावच्या भंगार बाजारात जातो. तिथे एकावर एक रचलेल्या काळ्या रिम असतात, सगळ्या सारख्याच दिसतात आणि दुकानदार म्हणतो, "घ्या साहेब, हीच बसते." बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर निघतो. पण चुकला तर गाडीच्या चाकाशी गाठ आहे, म्हणून तीन मापं आपली आपल्याला घेता आली पाहिजेत. ती घ्यायला दहा मिनिटं पुरतात.

या लेखात मी उदाहरणासाठी एकच गाडी धरली आहे: जुन्या स्विफ्टचं साधं मॉडेल, ज्यावर १६५/८० आर१४ मापाचा टायर येतो. तुमची गाडी वेगळी असली तरी मोजायची पद्धत तीच, फक्त आकडे बदलतील.

सोबत काय न्यायचं

- स्टीलचा मेजरटेप, आणि शिंप्याचा मऊ टेप किंवा न ताणणारी सुतळी
- तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. साधा व्हर्नियर मिळाला तर उत्तमच
- एक मीटरभर सरळ पट्टी किंवा लाकडी फळी, आणि दोन छोट्या काड्या
- जाड पुठ्ठा आणि पेन्सिल
- तारेचा ब्रश, जुनं फडकं आणि मोबाइलचा टॉर्च
- गाडीचं मॅन्युअल, किंवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या टायरच्या स्टिकरचा फोटो
- आपल्या गाडीच्या चाकाचा एक नट

शेवटची वस्तू लोक हमखास विसरतात. ती का लागते ते पाचव्या पायरीत येईल.

पायरी १: घरून निघण्याआधी आपल्या गाडीची मापं लिहून घ्या

बाजारात उभं राहून मोबाइलवर शोधायला लागलात की एकाच गाडीचे चार वेगळे आकडे सापडतात, कारण एकाच नावाखाली कंपनीने वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या मॉडेलला वेगळी चाकं दिलेली असतात. म्हणून स्वतःच्या गाडीवरचीच एक रिम मोजा. स्टेपनी असेल तर ती, नसेल तर जॅक लावून एक चाक काढा.

बहुतेक स्टीलच्या रिमवर माप ठोकलेलं असतं. मधल्या थाळीवर, हवेच्या खिडक्यांच्या आसपास किंवा व्हॉल्व्हजवळ तारेचा ब्रश मारला की गंजाखालून अक्षरं वर येतात. साधारण अशी:

```
14 x 5J  H2  ET45
```

यातला १४ हा इंचातला व्यास, ५ ही इंचातली रुंदी. कधी हेच उलट क्रमाने, म्हणजे आधी रुंदी आणि मग व्यास, असं लिहिलेलं असतं; मोठा आकडा व्यासाचा हे धरून चाला. जे हे अक्षर रिमच्या कडेच्या आकाराचं नाव आहे. एच म्हणजे टायरची कड आत घसरू नये म्हणून रिमवर ठेवलेला उंचवटा; ट्यूबलेस टायर लावायचा असेल तर तो हवाच. ईटी म्हणजे ऑफसेट, त्याकडे नंतर येऊ.

या ओळीत एक गोष्ट नाही, ती म्हणजे नटांच्या भोकांचं वर्तुळ. बऱ्याच रिमवर ते लिहिलेलंच नसतं. त्यामुळे ठोकलेलं माप जुळलं म्हणून रिम बसेल असं नाही.

आता पुठ्ठ्याचा साचा करा. रिम पालथी घाला, म्हणजे गाडीच्या हबला टेकणारी बाजू वर येईल. त्या सपाट भागावर पुठ्ठा ठेवून भोकांच्या कडा आणि मधलं मोठं भोक पेन्सिलने गिरवा आणि काळजीपूर्वक कापून घ्या. बाजारात हा पुठ्ठा तुमच्या फार कामी येईल. तो शेवटचा निकाल देणार नाही, पण नापास रिम एका क्षणात बाजूला काढेल.

पायरी २: व्यास, आणि बाहेरून मोजल्याने होणारा घोळ

नवखा माणूस रिमच्या एका बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावतो. चौदा इंची रिमवर त्याला साधारण ३९ सेंटिमीटर दिसतात, म्हणजे सव्वापंधरा इंचांच्या थोडं वर. मग तो म्हणतो, ही तर पंधराची आहे. दुकानदार म्हणतो चौदाची. यात दुकानदार बरोबर असतो.

रिमचा व्यास मोजतात तो टायरची कड जिथे टेकते तिथे, म्हणजे बैठकीवर. बाहेर दिसणारी उभी कड या बैठकीच्या वर आणखी सव्वासतरा मिलिमीटरच्या आसपास उठलेली असते, आणि ती दोन्ही बाजूंना असल्याने बाहेरून मोजलेला व्यास साडेतीन सेंटिमीटरनी फुगतो. म्हणून जे कडेच्या रिमसाठी एवढं लक्षात ठेवा: बाहेरून साधारण ३६४ मिलिमीटर आले तर तेरा इंची, ३९० आले तर चौदा इंची, ४१५ आले तर पंधरा इंची. थोडक्यात, बाहेरच्या मापातून सुमारे सव्वा इंच वजा करायचा.

रिम उघडी असेल, टायर चढवलेला नसेल, तर याहून खात्रीची रीत आहे. शिंप्याचा टेप बैठकीवर, उभ्या कडेला अगदी चिकटून गोल फिरवा आणि घेर मोजा. तेरा इंची रिमचा घेर सुमारे १०३५ मिलिमीटर येतो, चौदा इंचीचा १११५, पंधरा इंचीचा ११९५. दोन मापांत तब्बल आठ सेंटिमीटरचं अंतर असल्याने पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी गोंधळ होत नाही. वाकलेल्या रिमवरसुद्धा ही रीत चालते, कारण वाकल्याने आकार बिघडतो, घेर फारसा बदलत नाही.

टायर चढवलेली रिम असेल तर मोजायची गरजच नाही. टायरच्या बाजूवर आर१४ लिहिलं असेल तर आतली रिम चौदाचीच आहे.

व्यास अर्ध्या-एक इंचाने वेगळा असून चालेल का? नाही. चौदाचा टायर तेराच्या रिमवर बसत नाही. तेराची रिम तेराच्या टायरसकट घ्यायची म्हटली तर चाकाचीच उंची बदलते: १६५/८० आर१४ चं चाक सुमारे ६२० मिलिमीटर उंच, तर १५५/८० आर१३ चं सुमारे ५७८. चार सेंटिमीटर कमी. पंक्चर झाल्यावर जेमतेम गॅरेजपर्यंत हळूहळू नेण्यापुरतं कुणी हे करेल, पण रोजच्या वापरात एका बाजूला लहान चाक ठेवून गाडी चालवू नका.

पायरी ३: रुंदी

इथेही तोच घोळ, फक्त आडवा. ५ जे म्हणजे रिमच्या दोन उभ्या कडांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर पाच इंच, १२७ मिलिमीटर. बाहेरून मोजलं तर कडांची जाडी आणि बाहेर वळलेली ओठासारखी धार धरून हेच अंतर १५० मिलिमीटरच्या आसपास भरतं, आणि माणसाला ती सहा इंची वाटते. साडेपाच इंची रिमचं आतलं माप सुमारे १४० आणि सहा इंचीचं सुमारे १५२ मिलिमीटर.

आतलं माप टेपने नीट घेता येत नाही, कारण टेप मधल्या खोलगट भागात लोंबकळतो. त्यासाठी त्या दोन काड्या. एकीवर एक ठेवून रिमच्या रुंदीत आडव्या धरा, बैठकीवरच, आणि दोघींची टोकं विरुद्ध दिशांना सरकवत न्या. दोन्ही टोकं समोरासमोरच्या उभ्या कडांना टेकली की काड्या घट्ट पकडून बाहेर काढा आणि एकूण लांबी पट्टीवर मोजा. टोकं उभ्या भागाला टेकली पाहिजेत. वरच्या गोल वळलेल्या धारेला टेकली तर माप जास्त येईल.

रुंदीला व्यासाइतकी सक्ती नाही. प्रत्येक टायरला चालणाऱ्या रुंदीची एक मर्यादा असते. १६५/८० आर१४ चा टायर चार ते साडेपाच इंच रुंदीच्या रिमवर चालतो, त्यामुळे साडेचार किंवा साडेपाच इंची रिम हाती आली म्हणून लगेच नको म्हणायचं कारण नाही. तरीही एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या रुंदीच्या रिम मला पटत नाहीत; टायरचा आकार दोन्ही बाजूंना वेगळा बसतो. स्टेपनीपुरती असेल तर ठीक.

पायरी ४: नटांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी

खरी जोखीम इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

नटांच्या सगळ्या भोकांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ४×१०० म्हणजे चार भोकं, शंभर मिलिमीटरचं वर्तुळ. स्विफ्टला हेच लागतं. ह्युंदाईची आय१० आणि होंडा सिटीची चार नटांची मॉडेलंही ४×१०० ची. जुन्या मारुती ८०० ची मात्र ४×११४.३. फोर्ड फिगोला ४×१०८, फियाट पुंटोला ४×९८. या सगळ्या चार भोकांच्या रिम आहेत आणि ढिगात शेजारीशेजारी पडलेल्या असतात.

चार भोकांची रिम मोजणं सोपं. समोरासमोरची दोन भोकं निवडा. मध्यबिंदू नजरेने ठरवू नका, चूक होते. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा. भोकं सारख्या मापाची असल्याने हे अंतर मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराइतकंच येतं. आणि हे माप रिम पालथी घालून, हबला टेकणाऱ्या बाजूनेच घ्या. पुढच्या बाजूला नट बसायला भोकाची कड उताराची केलेली असते. तिथे कड नेमकी कुठून धरायची तेच कळत नाही आणि दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं. तिथे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर वरच्याच पद्धतीने मोजा आणि १.७ ने गुणा. फोक्सवॅगन पोलोच्या ५×१०० रिमवर शेजारचं अंतर ५८.८ मिलिमीटर येतं, इनोव्हाच्या ५×११४.३ वर ६७.२, जिप्सीच्या ५×१३९.७ वर ८२.१. पण ५×११२ आणि ५×११४.३ यांच्यात शेजारच्या अंतराचा फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा आहे. पट्टीवर तो डोळ्यांना फसवतो, त्यामुळे पाच भोकांच्या रिमसाठी व्हर्नियरच वापरा.

११४.३ किंवा १३९.७ असे विचित्र आकडे पाहून गोंधळू नका. ते मुळात साडेचार आणि साडेपाच इंच आहेत. साडेपाच इंची रुंदीही १३९.७ मिलिमीटरच भरते, म्हणून दुकानदाराने "एकशे एकोणचाळीस" म्हटलं तर तो रुंदी सांगतोय की पीसीडी, हे आधी विचारा.

आता सर्वांत महत्त्वाचा सापळा. पीसीडी खूप वेगळा असेल तर रिम चढतच नाही, प्रश्न मिटला. घातक असतो तो दोन मिलिमीटरचा फरक. ४×९८ ची रिम ४×१०० च्या हबवर धरून बघा: स्टडची जाडी बारा मिलिमीटर आणि रिमची भोकं त्याहून मोठी, त्यामुळे ती चढते. नटही लागतात. पण प्रत्येक स्टड भोकात एक मिलिमीटर बाहेरच्या अंगाला राहतो, नटाचा निमुळता भाग उताराच्या कडेवर पूर्ण टेकत नाही, एकाच बाजूला दाबला जातो. पान्याला घट्ट लागल्यासारखं वाटतं, मग रस्त्यावर नट सैल होत जातात आणि स्टडवर वाकडा ताण येत राहतो. हातात धरून बसली म्हणजे झालं, या भरवशावर चालू नका.

ओळखायचं कसं? रिम हबवर ठेवून सगळे नट फक्त बोटांनी फिरवा. पीसीडी बरोबर असेल तर चारही नट बोटांनीच शेवटपर्यंत जातात आणि शेवटच्या फेऱ्यांत रिम आपोआप मध्यावर येते. पहिले दोन छान गेले आणि तिसऱ्या-चौथ्याला पाना घ्यावासा वाटला, तर रिम खाली उतरवा.

पायरी ५: उरलेली तीन मापं

पहिलं, मधलं मोठं भोक. स्विफ्टच्या रिमवर ते ५४.१ मिलिमीटर आहे, होंडा सिटीच्या रिमवर ५६.१. म्हणजे ४×१०० असूनही होंडाची रिम स्विफ्टच्या हबवर दोन मिलिमीटर सैल राहते, आणि स्विफ्टची रिम होंडावर जातच नाही. पुठ्ठ्यावर मधलं भोकही कापायला सांगितलं ते यासाठी.

दुसरं, नटाची बैठक. तुमच्या गाडीचा नट खिशातून काढा आणि रिमच्या भोकात पुढच्या बाजूने टेकवून बघा. मारुतीच्या नटाचं बूड सरळ निमुळतं असतं, होंडाच्या मूळ नटाचं बूड गोलसर. गोल बैठकीत निमुळता नट टेकवला तर तो एका बारीक रेघेवरच बसतो. भोकात नट हलवून बघताना तो डुगडुगला तर ती रिम सोडा.

तिसरं ऑफसेट. रिम पालथी घालून मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंत खोली मोजा. त्यातून रिमच्या बाहेरून मोजलेल्या रुंदीचा अर्धा भाग वजा करा. ५ जे रिमची बाहेरची रुंदी १५० आणि खोली १२० आली, तर १२० वजा ७५, म्हणजे ४५. चार-पाच मिलिमीटरचा फरक सहसा त्रास देत नाही. त्याहून जास्त असेल तर चाक आत सस्पेन्शनला किंवा बाहेर मडगार्डला घासण्याची शक्यता वाढते.

पायरी ६: एका ढिगातल्या तीन रिम

समजा, दुकानदाराने स्विफ्टसाठी म्हणून चार भोकांच्या तीन रिम समोर टाकल्या.

पहिली बाहेरून ३९० मिलिमीटर, आतली रुंदी १४०. म्हणजे चौदा इंची, साडेपाच जे. टायरला चालेल. पुठ्ठा ठेवला तर भोकं बाहेर सरकलेली. मोजल्यावर डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत १०८. ही फोर्डची दिसते. बाद.

दुसरीवर पुठ्ठा अगदी नेमका बसला, पीसीडी १००, मधलं भोकही जुळलं. पण बैठकीचा घेर १०३५ च्या आसपास. तेरा इंची आहे, बहुधा ह्युंदाईची. पुठ्ठ्याने तुम्हाला फक्त भोकांची खात्री दिली होती, व्यासाची नाही. बाद.

तिसरीचा घेर १११५, आतली रुंदी १२७, पीसीडी १००, मधलं भोक ५४, नट नीट टेकतो, ऑफसेट ४५ च्या जवळ. मापात ही पास. आता तिची तब्येत बघायची.

पायरी ७: मापं जुळल्यावर काय तपासायचं

नटांच्या भोकांभोवती टॉर्च मारा. सैल नटांवर चाललेल्या रिमची भोकं अंडाकृती होतात. तशी रिम मापात बरोबर असली तरी घेऊ नका. भोकांमधल्या आणि हवेच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत बारीक तडे शोधा. नव्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगची रेघ जाणवली तर बोट फिरवून खात्री करा. कारखान्यातला जोड असतो तो थाळी आणि बाहेरच्या कड्याच्या मध्ये, आणि कड्यावर आडवा एक. दुसरीकडे कुठेही वेल्डिंग असेल तर ती तुटून जोडलेली आहे.

बैठकीवरचा गंज ब्रशने घासून बघा. वरवरची लाली निघून जाते. खड्डे पडले असतील तर ट्यूबलेस टायरची हवा रोज थोडी थोडी उतरत राहील.

वाक तपासायला रिम गाडीच्या मागच्या चाकाच्या जागी लावा, हँडब्रेक सोडा, पण पुढच्या चाकांना दगड लावून गिअर टाकून ठेवा. जॅकवरचं चाक हाताने फिरवत कडेजवळ विटेवर टेकवलेली पेन्सिल धरा. कड आणि टोक यांच्यातली फट एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल तर रिम आऊट आहे. दुकानदार तिथे गाडी उभी करू देत नसेल तर "नाही बसली तर परत" हे बिलावर लिहून घ्या. बिल घ्याच, त्यावर रिमचं माप आणि तारीख लिहायला सांगा. चोरीच्या मालाचा प्रश्न उद्या उभा राहिला तर तुमच्याजवळ तोच कागद असेल.

टायर चढवल्यावर पंक्चरवाल्याला दोन्ही कडांना आणि व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावायला सांगा, चाक बॅलन्स करून घ्या. गाडीला लावताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाक थंड असताना सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.